न घडलेल्या मुलाखतीची गोष्ट

लिंक्डइनवर रोज सकाळी कुणीतरी एखाद्या उमेदवाराला नोकरी नाकारतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच उमेदवाराकडून आयुष्याचा धडा घेतो. धडा देणारा कधी उशिरा पोहोचलेला तरुण असतो, कधी टॅक्सीचालक, कधी कार्यालयातला सफाई कर्मचारी, तर कधी स्वतःचे पाच वर्षांचे मूल. प्रत्येक वाक्य वेगळ्या परिच्छेदात येते, मध्ये एक रिकामी ओळ सोडलेली असते, आणि शेवटी वाचकाला विचारलेले असते : सहमत आहात ना? व्यावसायिक ओळखीपाळखीसाठी उभारलेल्या या संकेतस्थळावर अशा मजकुराचे प्रमाण इतके वाढले आहे की खरोखर काही सांगू पाहणाऱ्या माणसाची पोस्टही आता त्याच संशयाने वाचली जाते.

हा संशय केवळ साहित्यिक रुचीचा प्रश्न असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु परदेशात नोकरी करणाऱ्या, विशेषतः व्हिसावर असलेल्या मराठी माणसासाठी लिंक्डइन हे करमणुकीचे ठिकाण नाही. अमेरिकेत एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्याची नोकरी गेली, तर नवा नियोक्ता शोधण्यासाठी त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. वास्तव्याची नोंदलेली मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. त्या काळात कोणाची पोस्ट खरी, कोणत्या ‘आम्ही भरती करत आहोत’ला उत्तर द्यायचे आणि कोणाला आपला बायोडेटा पाठवायचा, हे ओळखता येणे फार महत्त्वाचे ठरते. म्हणून ही घडण कुठून आली, यंत्राने ती कशी उचलली आणि ती नेमकी कशावरून ओळखावी, हे मुळापासून पाहायला हवे.

तीन ओळींचा उंबरठा

एका ओळीच्या परिच्छेदांचा दोष सरसकट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माथी मारला जातो, तो बरोबर नाही. चॅटजीपीटी लोकांसमोर आले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१७ मध्येच, बझफीड न्यूजने या शैलीवर सविस्तर वृत्त दिले होते. तोवर तिला टोपणनावही मिळाले होते : ‘ब्रोएट्री’. आपल्या यशाच्या कथा मुक्तछंदासारख्या ओळी तोडून सांगणाऱ्या उद्योजक मंडळींच्या, म्हणजे ‘ब्रो’ लोकांच्या, ‘पोएट्री’ची ही थट्टा होती. ते सगळे लेखन माणसांचेच होते.

ही शैली जन्मली ती पडद्याच्या रचनेतून. लिंक्डइनच्या फीडमध्ये मोठी पोस्ट पूर्ण दिसत नाही. सुरुवातीच्या साधारण तीन ओळी दिसतात आणि पुढे ‘…more’ असे लिहिलेले असते. रिकामी ओळ हीदेखील ओळच मोजली जाते. त्यामुळे एक वाक्य, एक रिकामी जागा आणि आणखी एक वाक्य एवढ्यातच उंबरठा येतो, आणि उत्सुकता शमवायची असेल तर वाचकाला त्या शब्दावर बोट ठेवावे लागते. दुसरे वाक्य नेहमी काहीतरी अर्धवट का सोडते, याचे उत्तर इथे आहे.

बोट ठेवल्यानंतरचा हिशेब वेगळा. मे २०२० मध्ये लिंक्डइनच्या अभियंत्यांनीच लिहून जाहीर केले की, पोस्टचा क्रम ठरवताना वाचक तिच्यावर किती वेळ रेंगाळतो हेही विचारात घेतले जाते. पोस्टचा निदान अर्धा भाग पडद्यावर आला की ही मोजणी सुरू होते. या मोजणीचा हेतू वाईट नव्हता. नुसत्या लाइकपेक्षा वाचनाचा वेळ हा आवडीचा अधिक प्रामाणिक पुरावा आहे, असा तो विचार होता. परंतु ज्याला मजकूर लांबवायचा आहे त्याने काय करावे? दोनशे शब्दांचा एक सलग परिच्छेद फोनच्या पडद्यावर एका दृष्टिक्षेपात मावतो. तेच दोनशे शब्द पंचवीस ओळींत विखुरले की अंगठा तीन-चार वेळा फिरवावा लागतो. सांगायचे काही वाढले नाही, तरी वाचणे वाढले.

राहिले शेवटचे वाक्य. प्रतिक्रिया उकळण्यासाठी लिहिलेल्या अशा वाक्यांना इंग्रजीत ‘एंगेजमेंट बेट’ म्हणतात. मराठीत त्याला प्रतिसादाचे आमिष म्हणता येईल. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये अशा पोस्ट मागे ढकलण्याचे जाहीर केले, तेव्हा आमिषांची वर्गवारीच केली होती : लाइक मागणारे, शेअर मागणारे, मित्राला टॅग करायला लावणारे, प्रतिक्रियांतून मतदान घेणारे, अमुक शब्द प्रतिक्रियेत लिहायला सांगणारे. लिंक्डइनने हाच मार्ग मे २०२२ मध्ये धरला आणि उघडउघड लाइक किंवा प्रतिक्रिया मागणाऱ्या पोस्टना यापुढे बढती मिळणार नाही, असे सांगितले. आमिष त्याने संपले नाही, त्याने वेश बदलला. ‘लाइक करा’च्या जागी ‘तुम्ही काय केले असते?’ आले. मागणीचे रूपांतर प्रश्नात झाले, एवढाच फरक.

यंत्र आले तेव्हा हा साचा असा तयार होता. तो किती तयार होता याचा पुरावा चॅटजीपीटीच्याही काही महिने आधीचा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात टॉम ऑरबॅक या विपणन क्षेत्रातील तरुणाने ‘व्हायरल पोस्ट जनरेटर’ नावाचे एक साधन गमतीने तयार केले. त्यात दोन रकाने होते. आज तुम्ही काय केले, हे एका रकान्यात लिहायचे आणि त्यातून कोणता उपदेश करायचा, हे दुसऱ्यात. शिवाय मजकूर किती ‘क्रिंज’, म्हणजे किती ओशाळवाणा हवा, हे ठरवणारी एक सरकपट्टी होती. साधन चेष्टेचे होते, पण लोक त्यावर तुटून पडले, आणि लिंक्डइनवरील लेखनाची साधने विकणाऱ्या एका कंपनीने ते विकत घेतले. विडंबनाचे उत्पादन व्हायला फार काळ लागला नाही.

एक नमुना

साचा आतून कसा चालतो हे पाहण्यासाठी पुढील मजकूर वाचावा. तो या लेखासाठी मुद्दाम रचला आहे. कोणा खऱ्या व्यक्तीचा तो नाही, मात्र लिंक्डइनच्या नियमित वाचकाला तो पूर्वी वाचल्यासारखा वाटेल.

> तो मुलाखतीला २० मिनिटे उशिरा आला.
>
> मी त्याला घरी पाठवणार होतो.
>
> शर्टावर चिखल. हातात चुरगळलेला बायोडेटा.
>
> मी विचारले, “उशीर का झाला?”
>
> तो म्हणाला, “वाटेत एका आजोबांची गाडी बंद पडली होती. मला त्यांना तसेच सोडून येता आले नाही.”
>
> मी बायोडेटा बंद केला.
>
> त्याला तिथेच नोकरी दिली.
>
> आज तो आमचा सर्वोत्तम कर्मचारी आहे.
>
> भरती म्हणजे कौशल्यांची तपासणी नाही.
>
> ती माणसांची पारख आहे.
>
> कौशल्य शिकवता येते. संस्कार शिकवता येत नाहीत.
>
> तुम्ही काय केले असते?
>
> (माझी ७ पायऱ्यांची मुलाखत-मार्गदर्शिका हवी असल्यास प्रतिक्रियेत ‘पारख’ लिहा.)

या मजकुरात व्याकरणाची चूक नाही, भावना वाईट नाही आणि वाचताना क्षणभर बरेही वाटते. आता त्याला साधे प्रश्न विचारावेत. मुलाखत कोणत्या पदासाठी होती? कोणत्या शहरात, कोणत्या वर्षी? खोलीत आणखी कोणी होते का? कोणत्याही मध्यम आकाराच्या कंपनीत मनुष्यबळ विभाग, पगाराची मंजुरी आणि दुसरा मुलाखतकार असे टप्पे असतात. ‘तिथेच नोकरी दिली’ हे नेमके कसे घडले? बायोडेटा चुरगळलेला कागद होता, तर मग तो ‘बंद’ कसा केला? हा शेवटचा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण अशा मजकुराची नस तिथेच सापडते. ‘फाईल बंद केली’, ‘लॅपटॉप बंद केला’ ही निर्णायक क्षणाची परिचित हालचाल आहे. ती कथेत शोभते म्हणून आली, कोणी पाहिली म्हणून नव्हे.

कारण यंत्राकडे प्रसंग नसतोच. ‘भरतीत सहानुभूती महत्त्वाची, यावर लिंक्डइनसाठी पोस्ट लिही’ एवढीच सूचना त्याला मिळालेली असते. भाषेचे हे प्रारूप आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द काढत जाते. त्यामुळे उशीर झाला की वीस मिनिटे, मदत केली की आजोबांना, चिखल लागला की शर्टाला, असे सर्वांत अपेक्षित तपशील क्रमाने येत राहतात. खऱ्या आठवणीत अपेक्षित तपशील कमी आणि बिनकामाचे जास्त असतात. प्रत्यक्ष मुलाखत घेतलेला माणूस सांगताना मध्येच म्हणतो की त्या दिवशी वातानुकूलन बंद होते, किंवा उमेदवाराचे आडनाव आपण चुकीचे उच्चारले, किंवा त्याला घ्यायचे होते पण ते पदच पुढच्या तिमाहीत रद्द झाले. धड्याला हे तपशील गैरसोयीचे असतात. यंत्राच्या कथेत गैरसोयीचे काहीच नसते, प्रत्येक गोष्ट धड्याच्या कामाला जुंपलेली असते.

संवादाचेही तसेच. “मला त्यांना तसेच सोडून येता आले नाही” हे वाक्य उशीर झालेल्या, धापा टाकणाऱ्या उमेदवाराच्या तोंडी येत नाही. तो आधी तीनदा ‘सॉरी’ म्हणतो. या साच्याची चेष्टा करणारा एक विनोद समाजमाध्यमांवर बराच फिरला. त्यात मुलाखतीला निघालेला तरुण वाटेत उपाशी कुत्र्याला खाऊ घालतो, मुलाखत हुकते, तरी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणे येते, आणि खोलीत जाऊन पाहतो तर मुलाखत घ्यायला तोच कुत्रा बसलेला असतो. विनोद चालला, कारण त्यातली घटना सोडता बाकी सर्व जसेच्या तसे होते.

नमुन्यातील ‘अमुक नाही, ती तमुक आहे’ ही जोडी स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. आधी कोणी न केलेले विधान खोडायचे आणि मग त्या जागी एक सुभाषित ठेवायचे, ही यंत्रलिखित मजकुराची आवडती खोड आहे. भरती म्हणजे केवळ कौशल्यांची तपासणी, असे कोण म्हणाले होते? कोणीच नाही. खोडण्यासाठीच ते उभे केले होते. एका पोस्टमध्ये ही जोडी एकदा आली तर ती लेखकाची लकब असू शकते. तीनदा आली तर शंका घ्यावी. त्यातही ‘भरती’च्या जागी ‘विक्री’, ‘नेतृत्व’ किंवा ‘पालकत्व’ शब्द ठेवून पाहावा. मजकूर तितकाच खरा वाटत राहिला, तर त्यात भरतीविषयी काही नव्हतेच.

मराठी वाचकाला याबाबत एक जादा सोय आहे. असा मजकूर आता मराठीतही दिसू लागला आहे आणि मराठीत तो लवकर उघडा पडतो. ‘हे फक्त एक काम नाही, तर एक प्रवास आहे’, ‘दिवसाच्या शेवटी’, ‘या विचाराला आत झिरपू द्या’ अशी वाक्ये मराठी माणूस बोलताना कधी वापरत नाही. इंग्रजी साच्यावर वरून मराठी शब्द बसवले की शिवण दिसते. इंग्रजीत हीच शिवण आपल्याला पटकन दिसत नाही, कारण ती भाषा आपण बहुतेक कार्यालयात शिकलेलो असतो आणि कार्यालयीन इंग्रजी आधीच बरीचशी साच्याची असते.

खुणांवर किती विसंबावे

इंटरनेटवर अशा खुणांच्या याद्या भरपूर मिळतात. लांब डॅश, ओळीच्या सुरुवातीला बाण किंवा बरोबरची खूण, रॉकेटचे चित्र, तीन-तीन शब्दांचे गट. या याद्या निरुपयोगी नाहीत, पण त्या लवकर शिळ्या होतात. लांब डॅशची चर्चा झाली तसे लोकांनी ते काढून टाकायला सुरुवात केली, आणि ज्यांनी आयुष्यभर नीट विरामचिन्हे वापरली त्यांच्यावर मात्र उगीच बालंट आले.

ओळखण्याचे काम यंत्रावरच सोपवावे, हा पर्याय त्याहून धोक्याचा आहे. चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआयने स्वतःचे ओळख-साधन जुलै २०२३ मध्ये बंद केले. त्याची अचूकता कमी होती, हे कारण कंपनीनेच दिले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सर्व निबंध माणसांनी लिहिलेले होते, तरीही साधनांनी सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले. अमेरिकी शालेय विद्यार्थ्यांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ अचूक ओळखले. कारण समजायला अवघड नाही. ही साधने शब्दांची निवड किती अनपेक्षित आहे हे मोजतात. परक्या भाषेत लिहिणारा माणूस जपून, ठरलेले आणि खात्रीचे शब्द वापरतो. त्याची सावधगिरीच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

हा निष्कर्ष परदेशस्थ मराठी वाचकाने स्वतःविषयी वाचावा असा आहे. नाशिक किंवा कोल्हापूरहून गेलेला अभियंता आपली इंग्रजी पोस्ट एखाद्या साधनातून तपासून घेतो, तेव्हा तिच्यावर यंत्राचा मुलामा चढतो. पण त्यातले प्रकल्पाचे नाव, कालावधी, वापरलेली प्रणाली, संघातील माणसांची संख्या ही माहिती त्याची असते. तिला आणि वरच्या नमुन्याला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. भाषा कोणी घासूनपुसून दिली हा प्रश्न दुय्यम आहे. सांगितलेली गोष्ट कोणावर तरी घडली होती का, हा खरा प्रश्न आहे.

प्रमाणाचे आकडे वाचतानाही हे भान हवे. ओरिजिनॅलिटी एआय या कंपनीने जानेवारी २०१८ ते ऑक्टोबर २०२४ या काळातील, १०० शब्दांहून मोठ्या ८,७९५ लिंक्डइन पोस्ट तपासल्या आणि ताज्या पोस्टपैकी सुमारे ५४ टक्के बहुधा यंत्रलिखित असल्याचे म्हटले. ‘वायर्ड’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते छापले आणि जगभर तो आकडा फिरला. चॅटजीपीटी आल्यानंतर आलेख एकदम चढला, एवढा भाग विश्वासार्ह वाटतो, कारण तपासणीचे माप आधी आणि नंतर तेच होते. मात्र ही कंपनी यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचे साधन विकते, आणि ते साधनही मुलामा आणि मूळ यांत फरक करत नाही. निम्म्याहून अधिक पोस्ट बनावट आहेत, असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे आकड्याला न झेपणारे ओझे देणे होय.

लिंक्डइनची स्वतःची भूमिकाही सरळ नाही. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या या कंपनीने २०२३ पासून पोस्ट लिहून देणारी सोय वापरकर्त्यांना देऊ केली. आमिष मागे ढकलणारा आणि लेखन यंत्राला देणारा हात एकच आहे. गंमत अशी की जून २०२५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी रायन रोझलान्स्की यांनी मान्य केले की ही सोय त्यांना वाटली होती तितकी लोकप्रिय झाली नाही. लिंक्डइनवर आपले नाव आपल्या बायोडेट्याशी जोडलेले असते, तिथे चूक महागात पडते, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले. लोक यंत्र वापरत नाहीत असे यावरून सिद्ध होत नाही. ते बाहेरून लिहून आणतात, एवढेही असू शकते.

प्रतिक्रियेत लिहिलेला एक शब्द

नमुन्याच्या शेवटी ‘प्रतिक्रियेत पारख लिहा’ असे आवाहन होते. वरवर पाहता ती निरुपद्रवी देवघेव आहे. मार्गदर्शिका पाठवायची तर दुवा थेट पोस्टमध्ये देता आला असता. तो दिला नाही, कारण मार्गदर्शिकेपेक्षा प्रतिक्रिया हवी होती. दोनशे माणसांनी एकच शब्द लिहिला की पोस्टवर दोनशे प्रतिक्रिया दिसतात, त्या दोनशे जणांच्या परिचितांपर्यंत ती पोहोचते, आणि लेखकाच्या हाती इच्छुक लोकांची नावांनिशी यादी येते. विपणनाच्या भाषेत ती गिऱ्हाइकांची यादी झाली.

नोकरीच्या पोस्टमध्ये याच युक्तीचे स्वरूप गंभीर होते. ‘घरबसल्या २५ पदे. व्हिसा प्रायोजकत्व उपलब्ध. इच्छुकांनी इंटरेस्टेड लिहावे.’ कंपनीचे नाव नाही, पदाचे नाव मोघम, अर्जाचा दुवा नाही. ज्याचे ६० दिवस मोजले जात आहेत, त्याला हा शब्द लिहायला किती वेळ लागणार? आणि तो लिहिला की नोकरी गेलेल्या, घाईत असलेल्या, परदेशी नागरिक असलेल्या माणसांची यादी जाहीर झाली. ही यादी पोस्ट टाकणाऱ्यालाच दिसते असे नाही. प्रतिक्रिया सर्वांना दिसतात, आणि फसवणूक करणाऱ्याला तर स्वतः पोस्ट लिहिण्याचेही कष्ट घ्यावे लागत नाहीत. तो दुसऱ्याच्या पोस्टखालची नावे उचलतो. मग संदेश येतो, बोलणे व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर नेले जाते, आणि पुढे ‘प्रशिक्षण शुल्क’, ‘कागदपत्रांची पडताळणी’ किंवा लॅपटॉप खरेदीसाठी पाठवलेला, काही दिवसांनी न वटणारा धनादेश येतो.

अशा पोस्टची तपासणी शैलीवरून करण्यात अर्थ नाही. सफाईदार मजकूर आता कोणालाही फुकट मिळतो. पूर्वी इंग्रजीतल्या चुकांवरून लबाडी ओळखू येत असे, ती सोय यंत्राने काढून घेतली. पाहायचे ते मजकुराबाहेर. खात्याच्या पानावर ‘More’ या बटणाखाली ‘About this profile’ असा पर्याय असतो. खाते कोणत्या महिन्यात उघडले, छायाचित्र केव्हा बदलले आणि ओळख किंवा नोकरीची पडताळणी झाली आहे का, हे तिथे दिसते. दोन महिन्यांपूर्वी उघडलेल्या खात्यावर वीस वर्षांचा भरतीचा अनुभव लिहिलेला असेल, तर आणखी शोध घेण्याची गरज उरत नाही. कंपनीचे नाव दिले असेल तर तेच पद तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील भरतीच्या पानावर आहे का, ते पाहावे. पत्ता मात्र आपण टाईप करावा, पोस्टमधल्या दुव्यावरून जाऊ नये.

त्यानंतर त्याच खात्याच्या मागील दहा-बारा पोस्ट एकापाठोपाठ वाचाव्यात. एका पोस्टवरून जे ठरवता येत नाही ते इथे बहुधा उलगडते. सोमवारी टॅक्सीचालक, बुधवारी सफाई कर्मचारी, शुक्रवारी उशिरा आलेला उमेदवार, आणि तिघांच्याही तोंडी सारख्याच लांबीचे शहाणपण. माणसाच्या लेखनात चढउतार असतात. तो कधी चिडतो, कधी कंटाळून दोन ओळी लिहितो, कधी जुन्या सहकाऱ्याच्या निधनावर अडखळत लिहितो. बारा पोस्टची लय, लांबी आणि शेवट एकच असेल, तर लेखक कोणीही असो, लिहिण्याचे काम साच्याने केले आहे.

प्रतिक्रियाही वाचाव्यात, कारण यंत्राचा वापर तिथेही पोहोचला आहे. ‘किती मार्मिक निरीक्षण! भरती म्हणजे खरोखर माणसांची पारख आहे’ अशी प्रतिक्रिया पोस्टमधलेच वाक्य उलटून परत देते, त्यात नवे काही मिळवत नाही. काही ठिकाणी पंधरा-वीस जणांचे गट ठरवून एकमेकांच्या पोस्टवर पहिल्या तासात प्रतिक्रिया टाकतात. तीच नावे त्याच क्रमाने प्रत्येक पोस्टखाली दिसू लागली की हा व्यवहार ध्यानात येतो.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र विचारून पाहण्याचा आहे. स्तुती किंवा टीका न करता एक साधा, तपशिलाचा प्रश्न लिहावा : हे पद कोणत्या शहरातले होते? त्या उमेदवाराने पुढे कोणत्या विभागात काम केले? ज्याच्यावर प्रसंग घडला आहे तो माणूस अशा प्रश्नाने खुलतो आणि विचारले नव्हते तेही सांगतो. गोपनीयतेमुळे सांगता येत नसेल तर तसे म्हणतो. साच्याने लिहिणारा एक तर गप्प बसतो, नाही तर ‘फार छान प्रश्न! शेवटी शहर नव्हे, माणूस महत्त्वाचा’ असे उत्तर देतो.

खोटेपणाची प्रत्येक खूण यंत्राकडेच बोट दाखवते असेही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका छोट्या विपणन कंपनीच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना काढून टाकल्यानंतर स्वतःचे रडतानाचे छायाचित्र लिंक्डइनवर टाकले. जगभर त्याची निर्भर्त्सना झाली. दुःखाचे प्रदर्शन मांडून त्याने प्रतिसाद मिळवला, असे लोक म्हणाले. तो मजकूर यंत्राने लिहिलेला नव्हता, आणि नोकरकपात खरीच झाली होती. पण त्या घटनेला एक दुसरी बाजूही होती. त्याच पोस्टच्या गदारोळात, काढलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एकाने स्वतःची पोस्ट लिहून आपण नव्या संधीच्या शोधात असल्याचे सांगितले, आणि लोक त्याच्या मदतीला धावले. त्या पोस्टमागे नाव असलेला माणूस होता, गेलेली नोकरी होती आणि ज्याला उत्तर देता येईल अशी मागणी होती.